पाटीमागची पाटी

प्रश्न: रविवारी सकाळी सातच्या सुमारास दादरच्या फूलबाजारात हा फोटो काढला. डोक्यावर झेंडूची पाटी घेतलेला हमाल गल्लीतून समोर येतोय. माणूस डावीकडच्या एक तृतीयांशावर ठेवला, दोन्ही बाजूंना फुलांच्या ढिगांच्या रेषा आहेत, तरी फोटो नुसता गर्दीचा वाटतो. मित्र म्हणतात टायमिंग चुकलं. एपीएस-सी कॅमेरा, २३ मिमी लेन्स, एफ २, १/२५०, आयएसओ ८००. नेमकं कुठे चुकलं? क्रॉप करून किंवा ब्लॅक अँड व्हाइट करून वाचेल का?

उत्तर:

तुमचे मित्र अर्धं बरोबर सांगतायत. टायमिंग चुकलंय, पण ते शेवटी चुकलंय. त्याआधी उभं राहायची जागा चुकली, आणि जागा चुकल्यामुळे रेषा आणि पार्श्वभूमी दोन्ही हातातून गेल्या. म्हणून मी उलट क्रमाने जातो. आधी मागचं, मग रेषा, आणि टायमिंग सगळ्यात शेवटी.

एक गोष्ट आधीच सांगतो. मी फोटोवरून अंदाज बांधतोय. हमालाचे पाय पोटरीपाशी कापले गेलेत. २३ मिमीच्या लेन्सने आडव्या चौकटीत तीन मीटरवर साधारण दोन मीटर उंची मावते, म्हणजे तो तुमच्यापासून तीन मीटरच्या आसपास असणार. मागचं दुकान मी पंधरा मीटर धरतो. प्रत्यक्षात बारा असेल किंवा अठरा असेल. आकडे थोडे सरकतील, मुद्दा तोच राहील. आणि त्या बाजारात ताडपत्र्या, टेम्पो, ढीग रोज जागा बदलतात, त्यामुळे ‘अमुक खांबाशी उभे राहा’ असं कुणालाच सांगता येणार नाही.

फोटो मोबाइलवर अंगठ्याच्या नखाएवढा करून बघा. काय दिसतं? मला सगळ्यात आधी उजव्या कोपऱ्यातली ट्यूबलाइट दिसली. मग गल्लीच्या टोकाचा पांढरा टेम्पो. हमाल तिसरा. डोळा आधी उजेडाकडे जातो, मग जिथे गडद आणि फिकट एकमेकांना भिडतात तिथे, आणि माणसाचा चेहरा असेल तर तिथे. तुमच्या फोटोत चेहरा टोपलीच्या सावलीत आहे, त्यामुळे उजेडाच्या शर्यतीत तो आधीच मागे पडला. वर त्याच्या डोक्यावरची पिवळी टोपली दुकानाच्या पिवळ्या पाटीवर चिकटली आहे. मराठीत दोन्हीला पाटीच म्हणतात, आणि तुमच्या फोटोतही त्या एकच झाल्यात. टोपली कुठे संपते आणि बोर्ड कुठे सुरू होतो हे मला मोठं करून बघावं लागलं. शिवाय ताडपत्रीचा बांबू थेट त्याच्या डोक्यातून उगवलाय.

तुम्ही एफ २ ठेवलंत ते बहुधा मागचं धूसर व्हावं म्हणून. हा भरवसा मी खूप जणांचा पाहिला आहे. २३ मिमीच्या लेन्सला तीन-चार मीटरवरच्या माणसावर फोकस केला तर एफ २ ला सुद्धा पंधरा मीटरवरची पाटी जेमतेम मऊ होते, रंग आणि अक्षरं शाबूत राहतात. ८५ मिमीला जमणारी ही गोष्ट २३ मिमीला मागू नये. रुंद लेन्सवर पार्श्वभूमी धूसर करता येत नाही, ती हलवावी लागते. म्हणजे तुम्हाला हलावं लागतं.

आता कुठे हलायचं? तुम्ही कॅमेरा डोळ्याला लावून, उभ्याने फोटो काढलात. कॅमेरा दीड मीटरच्या थोडा वर. कॅमेरा सरळ धरला की जे काही कॅमेऱ्याच्या उंचीवर आहे ते चौकटीच्या मधोमध एका आडव्या रेषेवर येतं, जवळ असो वा लांब. माणसांची डोकीही साधारण त्याच उंचीची असतात. म्हणून उभ्याने काढलेल्या गर्दीच्या फोटोत सगळी डोकी एका दोरीत ओवल्यासारखी दिसतात. तुमच्या हमालाचं डोकं, मागच्या गिऱ्हाइकांची डोकी, टेम्पोचं छप्पर, सगळं एकाच पट्ट्यात. फोटो ‘गर्दीचा’ वाटतो तो यामुळे. बाजारात गर्दी असणारच, पण ती सगळी एकाच पट्टीवर येऊन बसली आहे.

कॅमेरा एक मीटरवर आणला, म्हणजे साधारण कमरेच्या उंचीला, की काय होतं बघा. चार मीटरवरच्या माणसाचं डोकं आता मधल्या रेषेच्या बरंच वर जातं, चौकटीच्या उंचीच्या जवळजवळ पावपट. पंधरा मीटरवरच्या माणसांची डोकी मात्र मधल्या रेषेपासून सहा-सात टक्केच वर येतात. जवळचा माणूस गर्दीतून वर निघतो आणि मागची गर्दी त्याच्या कमरेशी राहते.

तुमच्या पिवळ्या पाटीचा हिशोबही यातच सुटतो. ती पाटी जमिनीपासून तीन मीटरपर्यंत असेल असं धरू. उभ्याने काढलं तेव्हा तिचा वरचा काठ मध्यरेषेपासून चौकटीच्या साधारण १५ टक्के वर होता, आणि हमालाची टोपली ७ ते ३० टक्क्यांत. म्हणजे टोपलीचा खालचा भाग बरोबर पाटीवर. कॅमेरा एक मीटरवर आणि हमाल चार मीटरवर असला तर पाटीचा वरचा काठ २० टक्क्यांवर येतो, पण टोपलीचा तळच २४ टक्क्यांवर सुरू होतो. टोपली पाटीच्या वर उचलली गेली. आणि तिथे मागे काय आहे? निळ्या ताडपत्रीची खालची बाजू. निळ्यावर पिवळा झेंडू. यापेक्षा चांगली पार्श्वभूमी त्या गल्लीत विकत घेऊनही मिळाली नसती, आणि ती तुमच्या डोक्यावरच होती.

गुडघे टेकायची गरज नाही. हमालांच्या वाटेत कुणी बसलं तर त्याला लाथ लागेल आणि ती त्याचीच चूक असेल. ४० किलोचं ओझं डोक्यावर असलेल्या माणसाला खाली बघता येत नाही. तुमच्या कॅमेऱ्याची स्क्रीन उलगडत असेल तर ती वर वळवा, कॅमेरा पोटाशी धरा आणि वरून बघा. उभं राहायचं ते गाळ्याच्या कडेला, गाळेवाल्याला विचारून. स्क्रीन वळत नसेल तर फुलांच्या क्रेटवर बसायला मागा. पहिल्या दिवशी नाही म्हणतील, दुसऱ्या दिवशी चहा मागवतील.

बांबूचं वेगळं. तो कॅमेरा खाली आणून जात नाही, उभा असल्यामुळे तो वरपर्यंत डोक्यामागेच राहतो. त्यासाठी बाजूला सरकावं लागतं, आणि फार नाही. तुम्ही ६० सेंटिमीटर, म्हणजे एक पाऊल डावीकडे गेलात तर चार मीटरवरच्या माणसाच्या तुलनेत सात मीटरवरचा बांबू चौकटीच्या रुंदीच्या सहा टक्के डावीकडे सरकतो. डोक्याची रुंदी त्या फोटोत चार टक्क्यांच्या आसपास. म्हणजे एका पावलात बांबू डोक्यातून निघून खांद्याच्या वर, मोकळ्यात उभा राहतो. तिथे तो खुपत नाही. बांबू बाजारात असणारच, तो डोक्यात नको एवढंच.

माझं स्वतःचं सांगतो. आळंदीहून पालखी पुण्यात येते त्या दिवशी मी एका वारकरी आजींचा फोटो काढला होता. डोक्यावर तुळशीवृंदावन, चेहऱ्यावर तिरका उजेड, सगळं जमून आलं असं वाटून मी घरी गेलो. संगणकावर उघडला तर तुळशीच्या मंजिऱ्यांतून मोबाइलचा टॉवर उगवलेला. काढताना मी आजींकडे बघत होतो, आजींच्या मागे नाही. तेव्हापासून एक सवय लावून घेतली. माणूस यायच्या आधी रिकामी चौकट बघायची, तिच्या चारही कडांवरून एकदा नजर फिरवायची, आणि माणूस येईल तेव्हा त्याच्या डोक्यामागे काय असेल हे आधीच ठरवून टाकायचं. माणूस आल्यावर फक्त माणसाकडे बघायला मोकळे.

आता रेषा. ‘रेषा आहेत’ असं तुम्ही लिहिलंत आणि त्या आहेतच. दोन्ही बाजूंच्या ढिगांच्या कडा, वर ताडपत्रीच्या दोऱ्या. पण रेषा असणं आणि रेषांनी कुठेतरी पोहोचवणं यात फरक आहे. बोट ठेवून बघा. डाव्या ढिगांची कड पकडून आत जा, उजव्या ढिगांची पकडून आत जा. दोन्ही बोटं कुठे भेटतात? पांढऱ्या टेम्पोच्या मागच्या दारावर. तुमच्या सगळ्या रेषा इमानेइतबारे टेम्पोकडे नेतायत. हमाल वाटेत डावीकडे उभा आहे, त्याच्याकडे कुणीच वळत नाही.

हे झालं ते दोन नियम एकमेकांच्या अंगावर घातल्यामुळे. गल्लीच्या सरळ दिशेने कॅमेरा रोखला की समांतर कडा चौकटीच्या मध्यभागी मिळतात. तुम्ही रेषा मध्यभागी मिळू दिल्या आणि माणूस एक तृतीयांशावर ठेवला. तृतीयांशाचा नियम चुकीचा नाही, पण अशा गल्लीत रेषा जिथे मिळतात तो बिंदू आधी ठरवायचा असतो, आणि माणूस त्या बिंदूवर किंवा अगदी लगत ठेवायचा असतो. माणूस डावीकडेच हवा असेल तर तो बिंदूही डावीकडे न्या. त्यासाठी कॅमेरा उजवीकडे वळवायचा. या लेन्सवर साधारण दहा अंश उजवीकडे वळवलं की गल्लीच्या रेषांचा मिलनबिंदू मध्यावरून डावीकडच्या तृतीयांशावर येतो. उजव्या बाजूचे ढीग लांबलचक तिरके दिसू लागतात, डावे आखडतात, आणि सगळ्यांचं टोक हमालाच्या पोटाशी जातं. हमाल त्या बिंदूवर असताना त्याच्या अंगामागे टेम्पोचा बहुतेक भाग झाकलाही जातो, कारण पंधरा मीटरवरचा टेम्पो चार मीटरवरच्या माणसापेक्षा चौकटीत अरुंद असतो. टेम्पो हलवायला कुणाला सांगावं लागत नाही.

कॅमेरा खाली आणायचा सल्ला मी दिला खरा, पण त्याची किंमत रेषांना मोजावी लागते. कॅमेरा जितका खाली, तितक्या जमिनीवरच्या रेषा आडव्या पडतात. डोळ्याच्या उंचीवरून ढिगांच्या कडा छान तिरक्या उतरतात. एक मीटरवरून थोड्या चपट्या होतात, तरी वाचता येतात. गुडघ्याच्या खाली गेलात तर जवळचा झेंडूचा ढीगच भिंतीसारखा उभा राहतो आणि मागची रांग गायब. उलट डोक्यावरच्या रेषा, म्हणजे ताडपत्रीच्या कडा आणि दोऱ्या, कॅमेरा खाली आला की जास्त तिरक्या आणि जोरकस होतात. म्हणून या गल्लीसाठी मी एक मीटर म्हणालो, अर्धा मीटर नाही. जमिनीवर फक्त ओले दगड असते आणि वर दोऱ्यांचं जाळं असतं तर मीही आणखी खाली गेलो असतो.

ट्यूबलाइटचा उपाय सगळ्यात स्वस्त आहे. अर्धा-पाऊण तास थांबा. उजाडलं की गाळेवाले बहुतेक स्वतःच ती बंद करतात. नाहीच केली तर दोन पावलं पुढे जा, म्हणजे तो गाळा तुमच्या बगलेत येईल आणि ट्यूब चौकटीबाहेर.

आता टायमिंग. तुमच्या मित्रांच्या मनात बहुधा पाऊल आहे. उचललेलं पाऊल, टेकणारी टाच. आँरी कार्तिए-ब्रेसाँचा १९३२ चा पॅरिसच्या सॅं-लाझार स्टेशनमागचा फोटो सगळ्यांनी पाहिलेला असतो. माणूस पाण्याच्या डबक्यावरून उडी मारतोय आणि टाच पाण्याला टेकायला केसभर उरलंय. त्यामुळे रस्त्यावरच्या फोटोचं टायमिंग म्हणजे पाय असं डोक्यात बसतं. पण तो माणूस चौकटीतून आडवा जातोय. बाजूने बघताना पावलांचा फाकलेला आकार दिसतो, म्हणून तिथे पावलाला किंमत आहे. तुमचा हमाल समोरून येतोय. समोरून चालणाऱ्या माणसाचे पाय एकामागे एक झाकले जातात, पाऊल कुठलंही असलं तरी फारसा फरक पडत नाही. शिवाय तुमच्या चौकटीत पावलं नाहीतच. म्हणून त्या टोचणीतून मोकळे व्हा.

समोरून येणाऱ्या हमालाच्या बाबतीत क्षण वेगळ्या गोष्टीचा असतो. त्या बाजारात दहा मिनिटं नुसतं उभं राहून बघा. हमाल येताना ‘बाजू, बाजू’ किंवा ‘साइड, साइड’ ओरडत येतो. त्याच्या पुढची माणसं दोन्हीकडे सरकतात, गल्ली सेकंद-दोन सेकंद उघडते, तो त्यातून जातो, आणि त्याच्या मागे गल्ली पुन्हा मिटते. म्हणजे त्याच्या पुढची, तुमच्या बाजूची जमीन मोकळी असते आणि मागची भरलेली. ढिगांच्या रेषा दिसायच्या असतील तर त्या त्याच्या पुढे दिसणार, तुमच्या पायापासून त्याच्या पायापर्यंत. त्याच्या मागच्या रेषा माणसांनी झाकलेल्या असतात.

तुम्ही शटर दाबलंत तेव्हा तो तीन मीटरवर आला होता. पुढची मोकळी जागा संपली होती, पाय चौकटीबाहेर गेले होते, आणि फोटोत उरलं ते त्याच्यामागे मिटलेलं सगळं. तो साडेचार ते चार मीटरवर असताना दाबायला हवं होतं. चालणारा माणूस सेकंदाला सव्वा मीटरच्या आसपास येतो, ओझं असेल तर कधी त्याहून भरभर, कारण थांबलं की मान दुखते. म्हणजे तुम्ही सेकंदभर उशीर केलात. टायमिंग चुकलं ते इतकंच, आणि त्याचं कारण प्रतिक्षिप्त क्रिया मंद असणं हे नाही. तुम्ही कॅमेऱ्यातून त्याचा पाठलाग करत होतात. तो जवळ येताना मोठा होत जातो, मोठा झाला की चांगला वाटतो, आणि फोकस लागल्याचा हिरवा चौकोन दिसेपर्यंत तो अंगावर आलेला असतो.

म्हणून मी पाठलाग करत नाही. जागा ठरवतो. फोकस हाताने चार मीटरवर लावतो. समोरच्या गाळ्याचा कुठला खांब किंवा कुठला क्रेट चार मीटरवर आहे ते पावलांनी मोजून ठेवतो, माझी पाच-सहा पावलं. एफ ४ ठेवलं तर तुमच्या लेन्सवर साधारण अडीच मीटरपासून दहा मीटरपर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं, म्हणजे फोकस हा प्रश्नच उरत नाही, आणि पंधरा मीटरवरची पाटी जराशी मऊ होते ते वर फुकट. तुमच्याच उजेडात एफ २ चं एफ ४ केलं की दोन स्टॉप गेले, म्हणून आयएसओ ३२००. आजच्या कॅमेऱ्यांवर ते चालतं. साडेसात-पावणेआठला उजेड वाढला की ते आपोआप कमी करता येईल. १/२५० पुरेसं आहे, समोरून येणारा माणूस आडवा जाणाऱ्याइतका हलत नाही.

मग त्या क्रेटशी कुणी येईपर्यंत थांबायचं. ‘बाजू’ ऐकू आली की तयार व्हायचं. आवाज डोळ्यांच्या आधी खबर देतो, म्हणून कानात हेडफोन नको. हमाल क्रेटशी पोहोचायच्या एक पाऊल आधीपासून तीन-चार फ्रेम घ्यायच्या. सेकंदाला पाचच्या वेगाने घेतल्या तर दोन फ्रेममध्ये तो वीत-सव्वा वीत पुढे आलेला असतो. लांबलचक बर्स्ट नको, कारण तीस फ्रेममधून निवडताना माणूस शेवटी सगळ्यात जवळचा फोटो निवडतो, आणि आपण पुन्हा तीन मीटरवर येतो.

त्या तीन-चार फ्रेममधून निवड कशावर करायची? आधी टोपली आणि पार्श्वभूमी सुटी आहे का. मग चेहरा. टोपलीखाली चुंबळ आणि चुंबळीखाली चेहरा कायम सावलीत असतो, पण हमाल ओरडताना किंवा वाट बघताना हनुवटी किंचित उचलतो आणि तेवढ्यात फुलांवरून उसळलेला उजेड गालावर येतो. ती फ्रेम घ्या. तिसरी गोष्ट हात. टोपली धरलेला हात आणि डोकं यांच्यामध्ये उजेडाचा त्रिकोण दिसला पाहिजे. तुमच्या फोटोत कोपर आत वळलंय आणि हात चेहऱ्यावर चिकटलाय, म्हणून त्या भागाचा नुसता काळा गोळा झाला आहे. हात उघडा असला की ओझं डोक्यावर तोललंय हे लगेच कळतं. पाऊल चौथं, आणि तेही दिसत असेल तर.

सकाळी दोन तासांत असे पंधरा-वीस हमाल येतील. त्यांतल्या दहांच्या वेळी कुणी गिऱ्हाईक पिशवी घेऊन मध्ये येईल, चार जण तुमच्याकडे बघून हसतील, दोन-तीन नको म्हणतील आणि तिथे कॅमेरा खाली करायचा. उरलेल्या दोन-तीनांत एक फोटो असतो, किंवा नसतो. मी एकाच कोपऱ्यावर तीन सकाळी उभा राहून दाखवण्यासारखा एकही न घेता परतलो आहे. दसऱ्याच्या किंवा गणपतीच्या आदल्या दिवशी मात्र हा उपाय विसरा. तेव्हा गल्ली उघडतच नाही, रेषाच राहत नाहीत. तेव्हा दुसरी पद्धत. रघु राय यांचा १९९५ चा चर्चगेट स्टेशनवरचा फोटो बघा. संथ शटर ठेवल्यामुळे वाहणारी गर्दी धुरासारखी विरून गेली आहे आणि वर्तमानपत्र वाचत उभी असलेली माणसं तेवढी स्थिर राहिली आहेत. बाजारात तसं करायचं तर हमाल नाही, हार गुंफत बसलेला माणूस विषय होईल, कॅमेरा कशावर तरी टेकवावा लागेल आणि शटर पाव ते अर्ध्या सेकंदाला न्यावं लागेल.

ब्लॅक अँड व्हाइटबद्दल. या फोटोला ते वाचवणार नाही, उलट अडचण वाढवेल. टोपली आणि पाटी दोन्ही पिवळ्या आहेत, रंग काढला की दोन्ही एकाच फिकट करड्या रंगाच्या होतील. आत्ता निदान झेंडूचा केशरीपणा थोडा वेगळा दिसतो. नवीन फोटोत टोपली निळ्या ताडपत्रीवर आली तर मात्र करून बघा. रूपांतर करताना निळा गडद आणि पिवळा उजळ करता येतो, टोपली दिव्यासारखी दिसेल. तरी मी तो फोटो रंगीतच ठेवीन. फक्त एक लक्षात असू द्या, निळ्या ताडपत्रीखाली चेहऱ्यावर निळसर झाक येते. व्हाइट बॅलन्स चेहऱ्यावरून ठरवा, फुलांवरून नाही, नाहीतर कातडी राखेसारखी दिसते.

आणि क्रॉप. कार्तिए-ब्रेसाँच्या त्या डबक्याच्या फोटोलाही कात्री लागली होती, तो कुंपणाच्या फटीतून काढला होता आणि कडेचा भाग नंतर कापला गेला. तेव्हा क्रॉपमध्ये लाज वाटण्यासारखं काही नाही. तुमच्या फाइलमध्ये उजवीकडचा जवळजवळ निम्मा भाग कापून उभी चौकट करा. ट्यूब जाईल, टेम्पोचा बराच भाग जाईल, रेषाही जातील, पण त्या तशाही टेम्पोच्या कामाच्या होत्या. खालून कंबरेच्या जरा खाली कापा, म्हणजे पोटरीशी तुटलेले पाय चुकल्यासारखे न वाटता मुद्दाम सोडल्यासारखे वाटतील. मग मागची पिवळी पाटी थोडी गडद करा आणि चेहऱ्याची सावली थोडी उघडा. बांबू पुसून टाकण्याचं बटण आता सगळ्या सॉफ्टवेअरमध्ये आहे, पण रस्त्यावरचा फोटो म्हणून दाखवणार असाल तर मी ते वापरणार नाही, आणि वार्ताचित्रांच्या स्पर्धांमध्ये असं काही पुसलेला फोटो बादच होतो. बांबू राहू द्या. क्रॉप केल्यावर तो गल्लीचा फोटो उरणार नाही, एका हमालाचं जवळून काढलेलं चित्र होईल, डोक्यात बांबू असलेलं. घरच्या अल्बमला ते पुरेसं आहे. गल्लीच्या फोटोसाठी मात्र पुन्हा जावं लागेल, आणि जमलं तर रविवार सोडून, कारण रविवारी हमालांपेक्षा कॅमेरेवालेच जास्त असतात.